पायाच्या सुजेची गोळी

«सर, मी इंटर्न आहे, सध्या मेडिसिनला पोस्टिंग. नाइटला ब्लड कलेक्शन, ब्लड बँकेच्या फेऱ्या, आणि हे सगळं झालं की रात्री एक-दोनला रेसिडेंट म्हणतो जा आता त्या पेशंटची फाईल लाव. साडेचार वर्षं शिकून मी कागद लावत बसतो. परवा फाईल लावताना एक गोष्ट खटकली होती, पण रेसिडेंट नुकताच आडवा झालेला, उठवलं नाही. सकाळी राउंडला लेक्चररने नेमकं तेच पकडलं आणि मी खाली मान घालून उभा. दोनच प्रश्न आहेत. फाईल लावायची काही पद्धत असते का? आणि रात्री तीनला काही दिसलं तर कुणाला आणि कसं सांगायचं, शिव्या न खाता?
– नाइट ड्युटीवाला, मुंबई»

पद्धत असते, आणि मला ती शिकवली एका इंटर्नने, तेही मी तिच्यावर खेकसल्यावर. शिव्या न खाता सांगायची युक्ती मात्र माझ्याकडे नाही, कारण या गोष्टीत शिव्या देणारा मीच होतो.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट, मी मेडिसिनला सेकंड इयर रेसिडेंट, हॉस्पिटल मुंबईतलंच, नाव घेत नाही. जानेवारी महिना, आमची इमर्जन्सी होती, म्हणजे त्या दिवसाचे सगळे ॲडमिशन आमच्या युनिटला, बेड कधीच संपलेले आणि दोन बेडच्या मधे गादी टाकून पेशंट झोपवलेले, तुला वेगळं सांगायला नको. रात्री आठच्या सुमारास भांडुपचा एक टेम्पो ड्रायव्हर आला, पन्नाशीचा, हडकुळा, सोबत बायको. चार दिवस डोकं दुखतंय, दोन दिवस उलट्या, आज दुपारपासून जरा गुंगीत. टीबी होऊन गेलेला, सहा महिन्यांचा कोर्स नुकताच संपलेला. मान थोडी कडक वाटत होती, थोडी म्हणजे अशी की कडक म्हटलं तरी चालेल आणि नाही म्हटलं तरी चालेल.

आता टीबीचा पेशंट, डोकेदुखी, उलट्या, गुंगी, मान कडक. माझ्या डोक्यात एकच शब्द आला, टीबी मेनिंजायटिस, म्हणजे मेंदूच्या आवरणाचा टीबी, आणि खरं सांगू का, आजही असा पेशंट आला तर मी तेच म्हणेन, विचार चुकीचा नव्हताच. पाठीतून पाणी काढायचं ठरवलं, एलपी. सीटीचा नंबर सकाळचा मिळाला होता, पण हातापायाची ताकद दोन्हीकडे सारखी, फंडस म्हणजे डोळ्याचा पडदा बघितला तर सूज नाही, प्लेटलेट दोन लाखांच्या वर, म्हटलं सीटीसाठी थांबून मेनिंजायटिसची ट्रीटमेंट लांबवण्यापेक्षा रात्रीच करून टाकू. बायकोला विचारलं कुठल्या गोळ्या चालू आहेत. ती म्हणाली, टीबीच्या होत्या त्या संपल्या, आता फक्त पायाच्या सुजेची आहे. मी लिहिलं, पायाच्या सुजेसाठी गोळी. पुढचा प्रश्न विचारलाच नाही. पायाला सूज म्हणजे आपल्याला लघवीची गोळी नाहीतर दुखण्याची गोळीच आठवते, आणि तोपर्यंत शेजारच्या बेडवर विष प्यायलेला मुलगा आला होता.

एलपी साडेबाराला करायची होती पण त्या मुलाला ट्यूब टाकून व्हेंटिलेटर मिळवण्यात वेळ गेला, मग मी इंटर्नला म्हणालो की १७ नंबर बेडच्या त्या ड्रायव्हरची एलपी तीनला करू, सेट काढून ठेव आणि तोवर त्याची फाईल लावून टाक, सकाळी सर बघतील तर असला उकिरडा नको. हे शब्द माझेच.

उकिरडा होताच. साडीच्या दुकानाची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात केस पेपर, लॅबच्या चिठ्ठ्या, आधारची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स, एक लाइट बिल, एक्स-रेचं पाकीट, आणि सगळं चार घड्या घालून, काही घड्यांवर अक्षरच गेलेलं. तिने सिस्टरच्या टेबलावरून पंच उचलला, न विचारता, त्याबद्दल तिला वेगळ्या शिव्या पडल्या, आणि ड्रेसिंग ट्रॉली पुसून तिच्यावर कागद मांडायला घेतले.

आपण साधारण फाईल कशी लावतो? ओपीडीचे कागद एकीकडे, रिपोर्ट एकीकडे, एक्स-रे वेगळा, आणि ओपीडीतही छातीची वेगळी, मेडिसिनची वेगळी. दिसायला एकदम नीट. पण अशी लावलेली फाईल वाचताना प्रत्येक गठ्ठा आपापल्या जागी बरोबर वाटतो आणि कुठेच काही खटकत नाही. तिने काय केलं तर सगळे कागद एकाच ओळीत लावले, फक्त तारखेने, कुठल्या ओपीडीचा, कुठल्या लॅबचा काही बघायचं नाही. ज्या कागदावर तारीखच नव्हती तो उलटा करून बाजूला. जिथे नुसतं ६/९ असं लिहिलेलं आणि सहा सप्टेंबर की नऊ जून कळत नव्हतं, तिथे केस पेपरचा नंबर आणि मागचा-पुढचा डोस बघून जागा ठरवली. नंतर मी तिला विचारलं हे कुणी शिकवलं, तर म्हणे माझे बाबा सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, मेंटेनन्सच्या पावत्या अशाच लावतात. असो.

आता ती ओळ बघ. ११ जूनला डॉपलर, डाव्या मांडीच्या शिरेत गुठळी, डीव्हीटी. पोटात घ्यायची इंजेक्शनं आणि ॲसिट्रॉम २ एमजी चालू, रक्त पातळ करणारी गोळी. हीच ती पायाच्या सुजेची गोळी, आणि बायको अजिबात चुकीचं बोलत नव्हती, पाय सुजला म्हणूनच तर दिलेली. २० जूनला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा, २.३, अगदी हवा तसा, दोन ते तीनच्या मधे. मग खोकला, थुंकीत टीबी सापडला, २८ जूनला छातीच्या ओपीडीत एकेटी म्हणजे टीबीची औषधं सुरू, रोज तीन गोळ्या, वजन ४८ किलो.

इथून पुढे गंमत. १२ जुलैला आयएनआर १.३. मेडिसिन ओपीडीने डोस ३ केला. २६ जुलैला १.२, डोस ४. १६ ऑगस्टला १.६, डोस ५. मग डोस ६, आणि ६ सप्टेंबरला कुठे २.१. ऑक्टोबर, नोव्हेंबर ठीक. २० डिसेंबरला २.५, आणि खाली लिहिलंय ॲसिट्रॉम ६ एमजी, सीएसटी, दोन महिन्यांनी दाखवणे. सीएसटी म्हणजे स्टेशन नाही रे, कंटिन्यू सेम ट्रीटमेंट, तुला माहितीय, वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगतोय. आणि त्याच्या पुढचा कागद २८ डिसेंबरचा, छातीच्या ओपीडीचा, एकेटी पूर्ण, गोळ्या बंद. त्याच्या पुढे थेट १९ जानेवारी, आमचं ॲडमिशन.

रात्री सव्वादोनला ट्रॉलीवर तिला जे दिसलं ते कुठल्याच एका कागदावर लिहिलेलं नव्हतं, ते दोन कागदांच्या मधे होतं. मेडिसिनवाल्याने २० तारखेला लिहिलेलं बरोबर होतं, आयएनआर २.५ असताना डोस का बदलायचा? छातीवाल्याने २८ ला लिहिलेलंही बरोबर, सहा महिने झाले, एकेटी बंद करायचीच. दोन वेगळे मजले, दोन वेगळे केस पेपर, दोघांनी एकमेकांचा कागद बघितलेला नाही, आणि मधे आठ दिवस.

का ते सांगतो. एकेटीमधलं रिफॅम्पिसिन लिव्हरला ओव्हरटाइमला बसवतं. जी एन्झाइम्स ॲसिट्रॉमसारखी औषधं तोडून बाहेर टाकतात ती वाढतात, मग तीच गोळी आधीसारखी पुरत नाही आणि डोस चढवत न्यावा लागतो, आपल्या पेशंटला २ चा ६ लागला, तिप्पट. रिफॅम्पिसिन बंद झालं की लिव्हर लगेच शांत होत नाही, हळूहळू, साधारण दोन आठवड्यांत पूर्वपदावर येतं. आणि तेव्हा पेशंट काय घेत असतो? तोच ६. म्हणजे आता रोज तिप्पट डोस. शेवटचा आयएनआर चांगला होता हाच इथला चकवा, कारण तो रिफॅम्पिसिन चालू असतानाचा आकडा होता. एकेटी बंद करताना डोस उतरवत न्यायचा आणि निदान महिनाभर दर आठवड्याला आयएनआर करायचा असतो, पण हे कुणी सांगायचं? छातीवाल्याच्या कागदावर ॲसिट्रॉम नव्हतंच, आणि मेडिसिनवाल्याच्या कागदावर एकेटी जुलैमधे एकदा लिहिलेली, नंतर नुसतं सीएसटी सीएसटी.

तिने आणखी एक केलं आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ती लगेच माझ्याकडे धावत आली नाही, कागद खरा आहे का ते आधी तपासलं. कागदावर ६ लिहिलंय म्हणून पेशंट ६ घेतोच असं कुठाय, अर्धे लोक पैसे संपले की गोळी सोडतात. तिने पिशवी पुन्हा उपसली, तळाशी दोन पट्ट्या, एक ४ एमजीची आणि एक २ एमजीची, दोन्हीतल्या सारख्याच गोळ्या फोडलेल्या. मग बायकोला उठवलं, ती बेडखाली वर्तमानपत्र टाकून झोपली होती. मावशी, ही गोळी कधी दिली शेवटची? काल संध्याकाळी, दोन्हीतली एकेक, रोज संध्याकाळी देते. दात घासताना रक्त येतं का? येतं की, तीन-चार दिवस झाले, मी म्हटलं मिठाने चूळ भर. आणि मग ती बाई आपणहून म्हणाली की तब्येत तशी सुधारली होती हो, लघवीपण साफ व्हायला लागली, आधी केशरी व्हायची. रिफॅम्पिसिनने लघवी केशरी-लाल होते हे तू पाठ केलंयस, एमसीक्यूसाठी. ती साफ झाली म्हणजे औषध शरीरातून गेलं, एवढा पुढचा अर्थ आपल्यापैकी किती जण काढतात?

त्यानंतर तिने पेशंटचा हात बघितला. आठला मी स्वतः इंट्राकॅथ लावला होता, त्याच्याभोवती पाच रुपयाच्या नाण्याएवढा जांभळा डाग, आणि रक्त घेतलेल्या जागेवरचा कापूस अजून ओला. हा हात मी बघितलेला होता. साडेअकराला बीपी घ्यायला त्याच हाताला पट्टा बांधला होता मी.

मी कॉरिडॉरमधे व्हेंटिलेटरच्या कनेक्टरशी झटत होतो. ती दोन कागद घेऊन आली, फक्त दोन, २० डिसेंबरचा आणि २८ डिसेंबरचा, आणि म्हणाली, «सर, १७ नंबर ॲसिट्रॉम ६ एमजीवर आहे, काल संध्याकाळपर्यंत घेतलीय, एकेटी बंद होऊन बावीस दिवस झाले, हिरड्यांतून रक्त येतंय. एलपी थांबवू का, आणि आयएनआर पाठवू?»

मी म्हणालो, माझी फार्मॅकची व्हायवा घेतेस का आता रात्री अडीचला. हे वाक्य मला अजून पाठ आहे.

ती गेली नाही. तेच वाक्य परत म्हटलं, आवाज न चढवता, फक्त क्रम उलटा केला, आधी एलपी थांबवू का आणि मग कारण. आणि दुसऱ्यांदा ऐकताना माझ्या हाताला घाम सुटला, कारण स्पायनल नीडल तोपर्यंत ट्रेमधे काढून ठेवलेली होती. रक्त गोठत नसलेल्या माणसाच्या पाठीत ती सुई घातली तर कण्याच्या पोकळीत रक्त साचतं, नसा दबतात, आणि डोकं दुखतंय म्हणून आलेला माणूस दोन्ही पाय गमावून जाऊ शकतो.

आयएनआर पाठवला. पहिली बल्ब अर्धीच भरली होती, निळ्या झाकणाची, तिने ती स्वतःच फेकून दुसरी घेतली. हे लक्षात ठेव, त्या बल्बमधे सायट्रेटचं प्रमाण ठरलेलं असतं, खुणेपर्यंत रक्त भरलं नाही तर आयएनआर खोटा जास्त येतो, मग लॅबवाला म्हणणार सॅम्पल चुकीचं आणि तुझा तासभर गेला. सव्वातीनला लॅबमधून फोन आला, ८.६. लॅबवाल्याने दोनदा चालवलं होतं.

पुढचं पटकन सांगतो. एलपी रद्द. व्हिटॅमिन के १० एमजी शिरेतून हळू, ४८ किलोच्या माणसाला एफएफपी म्हणजे प्लाझ्माच्या तीन पिशव्या, ब्लड बँकेत अर्थात तीच पळाली. लेक्चररना फोन केला, त्यांनी सीटीवाल्यांना फोन केला आणि सकाळचा नंबर पहाटे साडेपाचला आला. सीटीत उजव्या बाजूला मेंदूवर रक्ताचा पातळ थर, सबड्युरल, मेंदू सरकलेला नाही. न्यूरोसर्जरीने सांगितलं ऑपरेशन नको, लक्ष ठेवा. दुपारी आयएनआर १.४. आठवड्यात डोकेदुखी उतरली, गुंगी गेली, मेनिंजायटिस नव्हताच, एलपी शेवटपर्यंत लागली नाही. आणि पायाची डॉपलर परत केली तर गुठळी विरघळलेली, सात महिने झालेले, ॲसिट्रॉम कायमची बंद झाली. म्हणजे बघ, ज्या गोळीने हे सगळं केलं तिची गरज तोपर्यंत संपलेलीच असावी.

आता तुझं. तुझ्याकडे पंच आणि नाडी असते आणि रात्रीचा एक तास असतो, त्यात काय करायचं तर आधी सगळे कागद एकाच ओळीत तारखेने लाव, डिपार्टमेंटचे गठ्ठे नंतर कर, सरांना हवे असतील तर. मग ओळीवरून बोट फिरवत एकच शोध, कुठली गोळी कधी बंद झाली. चालू गोळ्यांची यादी सगळेच करतात, बंद झालेल्यांची कुणी करत नाही. नुसती ॲसिट्रॉमचीच भानगड नाही, फिट्सच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिननेही लिव्हर असंच पळतं आणि ती बंद केल्यावर असंच मंदावतं, आणि उलट बाजूने फ्लुकोनाझोल किंवा मेट्रोनिडाझोल चालू केलं तर आयएनआर वर जातो. पण हे सगळं रात्री दोनला आठवायची गरज नाही, तुला एवढंच दिसायला हवं की एखाद्या गोळीचा डोस दोन-तीन पट चढला आणि तरी रिपोर्ट जागचा हलला नाही. तसं झालं असेल तर दुसरं काहीतरी त्याला खाली ओढतंय, ते शोध, आणि ते अजून चालू आहे का ते बघ.

आणि कागदावर भरवसा ठेवू नकोस, पट्टी बघ. नातेवाईक गोळीला आपलं नाव देतात, पायाच्या सुजेची, छातीत धडधडीची, झोपेची, ते खोटं नसतं, फक्त आपल्या भाषेत नसतं. पट्टी हातात घेऊन विचारलं तर तीस सेकंदांत कळतं. पट्टी घरी असेल तर घरी कोण आहे विचार आणि व्हॉट्सॲपवर फोटो मागव, हल्ली हे सोपं झालंय.

याची हद्दही सांगतो, नाहीतर उद्या प्रत्येक फाईलमधे तुला बॉम्ब दिसेल. दहातल्या नऊ फाईल लावून झाल्यावर काहीही सापडणार नाही, आणि सापडलं तरी ते डायग्नोसिस नसतं, प्रश्न असतो. तिला ट्रॉलीवर सबड्युरल दिसला नव्हता, तिला एवढंच दिसलं की या माणसाचा आयएनआर आज किती आहे हे कुणालाच माहीत नाही आणि आपण त्याला सुई टोचणार आहोत. ती २० डिसेंबरची चिठ्ठी बाईने लाइट बिलाबरोबर घरी ठेवली असती तर तेही दिसलं नसतं. आणि मानेची शंका खरी असती तर एलपी थांबवण्याचीही किंमत होती, म्हणून आम्ही आयएनआर येईपर्यंत अँटिबायोटिक आणि बाकी औषधं चालू करून ठेवली, एलपी थांबली म्हणून ट्रीटमेंट थांबत नाही.

सांगायचं कसं, तर तिच्यासारखं. दोन कागद, बाकीची फाईल ट्रॉलीवर. पहिल्या वाक्यात काय थांबवायचं ते, दुसऱ्यात आकडा आणि तारीख, तिसऱ्यात काय पाठवू. सर मला असं वाटतंय की, बहुतेक, कदाचित, असं सुरू केलंस तर रात्री अडीचला समोरच्याला पहिले चार शब्दच ऐकू येतात आणि तो परत झोपतो. ओरडला तर ओरडू दे, तेच वाक्य परत म्हण. तरी नाही ऐकलं तर ऑन कॉल लेक्चरर असतो, त्याचा नंबर सिस्टरच्या टेबलाच्या काचेखाली असतो, आणि फोन करण्यापूर्वी रेसिडेंटला सांग की मी फोन करतोय, पाठीमागून नको. सिस्टरला सांगून प्रोसिजरचा ट्रे उचलून ठेव, आणि केस पेपरवर वेळ घालून दोन ओळी लिही, काय दिसलं आणि कुणाला सांगितलं. परवा तू रेसिडेंटला उठवलं नाहीस, मला कळतं का ते, त्याच्या छत्तीस तासांची तुला कीव आली असेल. पण वीस मिनिटांनी काही बिघडणार असेल तर उठवायचं, आणि सकाळपर्यंत थांबू शकत असेल तर चिठ्ठी लिहून त्याच्या स्टेथोला अडकवायची, मधलं काही नसतं. तुझी ती परवाची गोष्ट कुठल्या प्रकारची होती ते तू लिहिलंच नाहीस, लिही पुढच्या वेळी.

त्या सकाळी राउंडला सरांनी विचारलं हे कुणी पकडलं, मी तिच्याकडे बोट दाखवलं, ती तिथे नव्हतीच, चौदाव्या बेडचं ब्लड घ्यायला गेलेली. मी माफी मागितली ती नंतर कँटीनमधे, चहाचे पैसे मी दिले, तिने वडापावही घेतला. डिस्चार्जच्या दिवशी मावशी तीच साडीची पिशवी घेऊन आल्या, आत फाईल, नाडी बांधलेली, तारखेने, आणि सगळ्यात वर तिने मार्करने मोठ्या अक्षरात मराठीत लिहिलेलं, रक्त पातळ करायची गोळी १९ जानेवारीला बंद, परत सुरू करू नये, कुठल्याही डॉक्टरला हा कागद पहिल्यांदा दाखवणे. लाइट बिल तिने वेगळं काढून हातात दिलं, म्हणाली मावशी हे भरायचं राहिलंय.

आणि पंच सिस्टरला विचारल्याशिवाय उचलू नकोस.